२७ की ३००? वायूच्या गणिताचं उत्तर तपासताना

मंडळी, PV = nRT इथं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्याची ओळख करून देत बसत नाही. मला बोलायचंय ते उत्तर आल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. तापमान सेल्सिअसमध्येच राहून गेलं असेल, तर नुसत्या उत्तराकडे बघून ते कसं ओळखायचं? आणि ओळखल्यावर गणित पहिल्यापासून न करता दुरुस्त कसं करायचं?

एक गणित घेऊ. १० लिटरच्या बंद भांड्यात २ मोल नायट्रोजन आहे, तापमान २७ अंश सेल्सिअस. दाब किती? वहीत असं दिसतं: २ × ०.०८२१ × २७ ÷ १०, म्हणजे ०.४४ अ‍ॅटमॉस्फिअर. गुणाकार बरोबर, भागाकारही बरोबर. मग ‘तपासून बघ’ म्हटलं की तेच आकडे गणकयंत्रावर पुन्हा दाबले जातात, पुन्हा ०.४४ येतं आणि खाली दुहेरी रेघ पडते. माझी तक्रार नेमकी या सवयीबद्दल आहे. यात तपासलं जातं ते गणकयंत्र. २७ हा आकडा तिथं असायला हवा होता का, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

तपासायचं तर वेगळ्या वाटेनं उत्तराशी पोचायला हवं. ती वाट तुमच्याकडे आहेच: शून्य अंशाला, १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली, १ मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो. मग २ मोलांना ४४.८ लिटर लागतील. इथं ते १० लिटरमध्ये कोंबलेत, म्हणजे दाब साडेचारच्या आसपास हवा. वायू २७ अंशांवर आहे, म्हणून त्यात साधारण दहावा हिस्सा वाढवा. उत्तर पाचाच्या जरा खाली यायला पाहिजे. ०.४४ तिथं बसूच शकत नाही. २७ च्या जागी ३०० घातलं की येतं ४.९३. (नव्या पुस्तकांत प्रमाण दाब १ बार धरून २२.७ लिटर दिलेलं असतं. कुठलाही आकडा घ्या, चूक अकरा पटींची असताना एवढ्याशा फरकानं काही बिघडत नाही.)

अकरा पट कशी? ३०० भागिले २७. पण हा आकडा कायमचा नाही. १० अंशांना चूक २८ पटींची होते, १०० अंशांना पावणेचार पटींची, आणि ५०० अंशांना जेमतेम दीडपट. म्हणजे तापमान जितकं जास्त, तितकी चूक लपते. भट्टीतल्या वायूचं गणित असेल तर ‘थोडं वाढवा’ म्हणून भागणार नाही. ७७३ भागिले २७३, म्हणजे २.८ नं रीतसर गुणूनच अंदाज घ्यावा लागेल.

आता जास्त फसवा प्रकार. दाब कायम ठेवून ३ लिटर वायू २० अंशांवरून ४० अंशांवर नेला. तापमान दुप्पट, म्हणून आकारमान ६ लिटर! इथं R नाही, त्यामुळे त्याच्या एककातला केल्विन डोळ्यांसमोर येत नाही. अंश वर आणि अंश खाली, एककं कटून जातात आणि एककांची तपासणी बिनबोभाट पार पडते. अशा वेळी सुरुवातीचं तापमान बदलून बघा. तीच रीत उणे ५ वरून १० अंशांना लावली तर उत्तर येतं उणे ६ लिटर. उणे आकारमानाचा वायू कुणी बघितलाय? जी रीत उणे ५ ला कोसळते, ती २० लाही चुकीचीच असते, तिथं फक्त दिसत नाही. खरं तर दर अंशाला वायू फुगतो तो शून्य अंशाच्या आकारमानाच्या २७३ व्या भागानं. २० अंशांत वाढ सुमारे ७ टक्के, म्हणून उत्तर ३.२ लिटर. दुप्पट व्हायला तो ३१३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागेल.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय आणि दुरुस्तीचा भाग राहिलाय, तेव्हा भरभर सांगतो. दाब किंवा आकारमान काढलं असेल तर चुकलेल्या उत्तराला ३०० भागिले २७ नं गुणा: ०.४४३ चे ४.९३ होतात. मोल काढले असतील तर त्याच आकड्यानं भागा, कारण तिथं T खाली असतो. वाफेच्या वजनावरून रेणुभार काढताना T वर असतो, म्हणून पुन्हा गुणायचं.

दोन तापमानांच्या गणितात दोन्ही आकडे चुकलेले असतात. तिथं आधी ४० भागिले २० काढून टाका, मग ३१३ भागिले २९३ नं गुणा.

आणि तापमानातला फरक विचारला असेल तर त्यात २७३ मिळवू नका. २० अंशांची वाढ म्हणजे २० केल्विनचीच वाढ.