खुलासा लिहिताना: चूक मान्य, शिक्षा अमान्य

नमस्कार श्रोतेहो. विद्यापीठाच्या एखाद्या विभागात शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात कधी कधी एक पत्र पडतं. ‘आपण सादर केलेल्या असाइनमेंटमध्ये वाङ्मयचौर्य आढळले असून, आपला लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ पत्रासोबत इतर लेखनाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक अहवाल असतो आणि त्यावर लाल रंगात साम्याची टक्केवारी छापलेली असते. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक टोक गाठतात. कुणी ‘मी काहीच केलेलं नाही’ म्हणून पत्र फाडायला निघतो, तर कुणी ‘माफ करा, पुन्हा असं होणार नाही’ असं एका ओळीत लिहून मोकळा होतो. आज मी तिसऱ्या प्रकारच्या उत्तराबद्दल बोलणार आहे. संदर्भ नीट दिले नाहीत हे खरं आहे, पण ठोठावलेली शिक्षा त्या चुकीच्या मानाने फार मोठी आहे, असं सांगणारं उत्तर. असे खुलासे वाचणाऱ्या समितीच्या टेबलापाशी मी बसलेलो आहे, त्यामुळे पलीकडून ते कसे दिसतात हे थोडंफार माहीत आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. विषय महाराष्ट्रातली रोजगार हमी योजना, म्हणजे 1972 च्या दुष्काळात आकाराला आलेली आणि 1977 च्या कायद्याने पक्की झालेली. तिने तीन हजार शब्दांची असाइनमेंट लिहिली आणि त्यासाठी आपल्या तालुक्यातल्या बारा मजूर बायकांच्या मुलाखतीही घेतल्या. अहवालात साम्य निघालं 38 टक्के. विभागाने शिक्षा दिली ती अशी: त्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या चाळीस गुणांपैकी शून्य. अंतर्गतमध्ये स्वतंत्रपणे पास व्हायला सोळा गुण लागतात. म्हणजे ती त्या विषयात नापास आणि वर्ष लांबलं. असाइनमेंट वीस गुणांची होती. उरलेल्या वीस गुणांच्या चाचणीत तिला सतरा होते, तेही गेले. पत्रात आधार दिला होता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंध विनियमांचा.

पहिलं काम पेन हातात घ्यायचं नाही. ते विनियम उघडून वाचायचे. त्यात साम्याच्या पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत पहिली पायरी, चाळीसच्या वर साठपर्यंत दुसरी आणि साठच्या वर तिसरी. प्रबंध पहिल्या पायरीवर सापडला तर विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायला सांगतात. दुसऱ्या पायरीवर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि तिसऱ्या पायरीवर नोंदणीच रद्द होते. पण ज्या लेखनाला हे सगळं लागू होतं, त्याच्या व्याख्येतच एक वाक्य आहे: असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका हे सगळं या व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे या मुलीला ज्या विनियमांखाली शिक्षा दिली, ते तिच्या असाइनमेंटला लागूच नाहीत. ते प्रबंध, संशोधन निबंध, पुस्तकं अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंटचा न्याय विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या नियमावलीने करायचा असतो.

हे वाचून मुलगी आनंदाने उडी मारते आणि लिहिते, ‘विनियम लागू नाहीत, सबब प्रकरण निकाली काढावे.’ इथे थांबायला हवं. विनियम लागू नाहीत, पण म्हणून चूक नाहीशी होत नाही. शिवाय हा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो. ‘दहा टक्क्यांपर्यंत माफ’ ही सवलतही मग तिला मागता येणार नाही. या तरतुदीचा खरा उपयोग वेगळाच आहे. पदवी ठरवणाऱ्या प्रबंधात 38 टक्के साम्य निघालं, तर आयोगाचे विनियम सुधारून आणायची संधी देतात. मग वीस गुणांच्या असाइनमेंटला एवढ्याच साम्याबद्दल वर्ष गमावण्याची शिक्षा कोणत्या मापाने दिली? हा प्रश्न खुलाशात विचारायचा, आवाज न चढवता.

आता कबुलीकडे येऊ, कारण बहुतेक खुलासे इथेच फसतात. ‘अनवधानाने काही त्रुटी राहून गेल्या असल्यास दिलगीर आहे’ हे वाक्य समितीने इतक्या वेळा वाचलेलं असतं की डोळे त्यावरून घसरतात. त्यातल्या ‘असल्यास’ने कबुली मागे घेतलेली असते. नेमकी कबुली द्यायची तर अहवाल समोर ठेवून रंगवलेला प्रत्येक भाग तपासावा लागतो. आपल्या उदाहरणात 38 पैकी नऊ टक्के संदर्भसूची आणि मुखपृष्ठावरचा छापील मजकूर निघाला. सहा टक्के अवतरणचिन्हांत, स्रोत देऊन घेतलेली वाक्यं होती. पाच टक्के कायद्यातला मजकूर आणि योजनेची लांबलचक अधिकृत नावं. उरले अठरा टक्के, म्हणजे सुमारे 540 शब्द, सहा उताऱ्यांत पसरलेले. खरी चूक या सहा उताऱ्यांत आहे.

खुलाशात ‘38 नाही, 18 टक्केच’ असा घोष करू नये. 540 शब्द हे 540 शब्दच असतात. पण हिशेब मांडावा, कारण साम्य आणि चोरी एकच नव्हे, हे सॉफ्टवेअर बनवणारेसुद्धा सांगतात. आकडा माणसाने वाचायचा असतो. तुमच्या विभागाने तो वाचलेला आहे की नुसता पत्रात उतरवला आहे, हे या हिशेबावरून लगेच कळतं.

मग उतारे एकेक करून. पुस्तकात वाक्य असं आहे असं धरू: ‘गावातच काम उपलब्ध झाल्यामुळे दुष्काळात स्थलांतराचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले.’ असाइनमेंटमध्ये आहे: ‘गावातच काम मिळाल्यामुळे दुष्काळात स्थलांतराचे प्रमाण बरेच कमी झाले.’ पुस्तक संदर्भसूचीत आहे, पण वाक्याशेजारी लेखकाचं नाव नाही की पान क्रमांक नाही. विद्यार्थ्याला वाटतं, मी शब्द बदलले, म्हणजे माझ्या शब्दांत लिहिलं. समितीला नेमकं उलटं वाटतं: शब्द बदलले, म्हणजे लपवायचा प्रयत्न केला. म्हणून हे खुलाशात आपणच सांगून टाकावं. ‘या वाक्यात मी शब्द बदलले, पण रचना आणि विचार पुस्तकाचाच ठेवला आणि मजकुरात संदर्भ दिला नाही. हे चुकीचे आहे.’ दोनच वाक्यं. पुढच्या ओळीत ‘पण’ नको. कबुलीच्या परिच्छेदात शिक्षेचा विषय काढलात, तर दोन्हींची धार जाते.

सहापैकी पाच उताऱ्यांचे स्रोत सूचीत होते. सहावा एका सरकारी अहवालातून जसाच्या तसा उचललेला होता आणि तो अहवाल सूचीतही नव्हता. हा उतारा बाकीच्यांत मिसळून टाकायचा मोह होतो. मिसळू नका. समितीतला कुणीतरी तो शोधतोच, आणि मग बाकीच्या पाच उताऱ्यांबद्दल तुम्ही जे खरं सांगितलंत तेही संशयात जातं. ‘सहावा उतारा अधिक गंभीर आहे, त्याचा स्रोत मी कुठेही नोंदवलेला नाही’ असं वेगळं लिहावं. शिक्षेत फरक पाडणारं वाक्य पुष्कळदा हेच असतं. असं लिहिणारी मुलगी उरलेल्या पाचांबद्दल खोटं बोलत नसावी, असं टेबलापलीकडच्या माणसाला वाटू लागतं.

यानंतर दुसरा भाग, शिक्षेचा. इथे हेतूबद्दल फार बोलू नये. ‘माझा हेतू नव्हता’ हे सिद्ध करता येत नाही, आणि हेतू नसला तरी दोष उरतोच. त्याऐवजी हेतू दाखवणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. पाच स्रोत सूचीत छापलेले आहेत. चोरी लपवणारा सहसा स्रोताचं नाव स्वतःहून देत नाही. उतारे सगळे पार्श्वभूमीच्या प्रकरणात आहेत. मुलाखतींवर आधारलेलं विश्लेषण आणि निष्कर्ष यांत एकही ओळ रंगलेली नाही. बारा मुलाखतींच्या हस्तलिखित नोंदी, तारखांसह, सोबत जोडता येतात. आधीचे मसुदे संगणकात असतील तर तेही. यापूर्वी अशी तक्रार नसेल तर ते एका वाक्यात लिहावं. वर्गात संदर्भपद्धती लेखी दिलेली नव्हती, असं खरोखर असेल तर तेही सांगावं, पण शिक्षकांवर ढकलल्यासारखं वाटणार नाही अशा बेताने. वर्गमित्रांनी काय काय उतरवलं आणि त्यांना काही झालं नाही, हा मुद्दा मात्र घरी ठेवावा. त्याने तुमची शिक्षा कमी होत नाही, दुसऱ्याची चौकशी तेवढी सुरू होते.

कायद्याचा पाठिंबाही आहे. रणजित ठाकूर नावाच्या जवानाने जेवणाचा हुकूम पाळला नाही म्हणून लष्करी न्यायालयाने त्याला वर्षभराची कैद आणि बडतर्फी सुनावली होती. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, आणि शिक्षा अपराधाच्या प्रमाणात हवी हे त्या निकालात ठळकपणे आलं. तरी विभागप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात हा खटला घालू नये, असं माझं मत आहे. पहिल्याच पत्रात न्यायालय आणलं की समोरचा वकिलाचा सल्ला घ्यायला उठतो आणि तडजोडीची वाट बंद होते.

त्याऐवजी गुणांचा हिशेब मांडावा. शिक्षा वीस गुणांच्या कामाला हवी होती, ती चाळीस गुणांवर गेली. चाचणीतले सतरा गुण तिने प्रामाणिकपणे मिळवले होते आणि त्या चाचणीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. ते कोणत्या नियमाने काढून घेतले, हे लेखी कळावं. मग मागणी, आणि ती दोन पायऱ्यांची असावी. पहिली: असाइनमेंट पुन्हा लिहून द्यायची परवानगी, आणि त्यात फार तर उत्तीर्ण होण्यापुरते आठ गुण. दुसरी, पहिली मान्य नसेल तर: शून्य फक्त असाइनमेंटला. तेव्हाही तिच्या खात्यात सतरा राहतात, सोळाची अट पूर्ण होते आणि वर्ष वाचतं. नुसतं ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं लिहिलं की समितीपुढे ठरवायला काहीच राहत नाही. दोन पर्याय समोर असले की चर्चा त्या दोहोंतच फिरते.

शेवटी कागदपत्रांचं. खुलासा दोन पानांत बसवा, उताऱ्यांचा तक्ता मागे जोडा. पान, स्रोत, काय लिहिलं, काय लिहायला हवं होतं, एवढेच रकाने. साम्याचा पूर्ण अहवाल मिळाला नसेल तर तो खुलाशाआधी लेखी मागा आणि तो मिळेपर्यंत मुदतवाढही मागा. प्रत्यक्ष बाजू मांडायची संधी द्यावी, अशी विनंती पत्रातच करा. प्रत आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. विभागाने शिक्षा कायम ठेवली तर आयोगाच्या 2023 च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. तिथे हेच दोन पानी पत्र आणि हाच तक्ता लागतो, म्हणून पहिल्या दिवशी त्यात जे लिहाल ते पुढे बदलावं लागणार नाही असंच लिहा. नमस्कार.