धूसर फोटोतला क्यूआर कोड हाताने कसा वाचायचा?

[कॅमेऱ्यासमोर]
फोटोत क्यूआर कोड डोळ्यांना दिसतोय, पण स्कॅनर ओळखतच नाही. अशा वेळी बऱ्याचदा आतली माहिती शाबूत असते; बिघडलेले असतात कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन. स्कॅनर आधी त्यांनाच शोधतो. त्यांच्या मधोमध आडवी रेघ ओढली, तर काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा हे पट्टे 1:1:3:1:1 या प्रमाणात यायला हवेत. फोटो धूसर झाला की मधली पांढरी कड भरून जाते, प्रमाण मोडतं आणि स्कॅनर पुढे जातच नाही.

[स्क्रीनवर: फोटो]
या फोटोत अख्खा कोड 87 पिक्सेल रुंद आहे. कोपऱ्यातला चौकोन 21 पिक्सेल. कोडमधला प्रत्येक छोटा काळा किंवा पांढरा चौकोन म्हणजे एक घर. कोपऱ्यातला चौकोन नेहमी 7 घरं रुंद असतो, म्हणजे एका घराला 3 पिक्सेल, आणि कोड 29 बाय 29 घरांचा. हा आकडा 21, 25, 29 असा चार-चारने वाढतो. तुमचं माप 28 आलं, तर मोजण्यात चूक आहे.

आधी ImageMagick ने फोटो मोठा करून zbarimg या स्कॅनरने वाचून पाहू:

```
magick foto.jpg -colorspace Gray -resize 800% mota.png
zbarimg mota.png
```

नाहीच वाचला, तर QRazyBox या क्यूआर कोड हाताने भरायच्या वेब-साधनात 29 ची जाळी घ्या. कोपऱ्यातले चौकोन प्रत्येक कोडमध्ये सारखेच असल्याने ते तिथे आयते मिळतात. बाकीची घरं फोटो बघून भरा. प्रत्येक घराचा फक्त मध्य बघा, कारण कडांवर शेजारच्या घराचा रंग सांडलेला असतो. आणि शार्पन करू नका; त्याने काळ्याभोवती पांढऱ्या कडा उमटतात आणि त्या खऱ्या घरांसारख्या दिसतात.

आता चुका किती चालतील? क्यूआर कोडमध्ये चुका सुधारण्यासाठी जादा बाइट ठेवलेले असतात; ते किती, हे दुरुस्ती-पातळीवर ठरतं. या कोडची पातळी M आहे. त्यात 70 बाइट असतात: 44 माहितीचे, 26 दुरुस्तीचे. त्यामुळे 13 चुकीचे बाइट सुधारता येतात. एका बाइटची आठही घरं चुकली तरी ती एकच चूक. पण चौदा घरं चौदा वेगवेगळ्या बाइटमध्ये चुकली, तर संपलं. म्हणूनच शाईचा मोठा डाग परवडतो, सगळीकडे पसरलेला धूसरपणा परवडत नाही.

यावर एक फार उपयोगी उपाय आहे. घर काळं की पांढरं हे कळत नसेल, तर अंदाजाने भरू नका, ‘माहीत नाही’ म्हणून करडं ठेवा. चूक कुठे आहे हे आधीच ठाऊक असेल तर दुरुस्तीचा खर्च निम्मा होतो: 13 ऐवजी 26 बाइटपर्यंत भरून काढता येतात.

साध्या पट्ट्यांच्या बारकोडमध्ये अशी दुरुस्ती नसते. तेरा आकड्यांच्या बारकोडमधला एकच आकडा गेला असेल, तर तपासणीच्या शेवटच्या आकड्यावरून तो काढता येतो. दोन गेले तर नाही.

आणि घर जेमतेम एक पिक्सेलचं उरलं असेल, तर शेजारच्या घरांचे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. मग जाळी भरत बसू नका, ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. चॅटवरून आलेली प्रत बहुतेक वेळा लहान करून पाठवलेली असते.