गेलेला पैसा आणि पुढचा रॉड

(नागपुरात धंतोलीतल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

बसा बसा, मागचे लोक पुढं या, कूलर इकडंच आहे. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता नागपुरात कोणी व्याख्यानाला येते म्हणजे एक तर त्याले विषयाची फार आवड असते नाहीतर घरी लाईट गेलेली असते, मी दुसरंच धरून चालतो.

विषय पत्रिकेत छापलाय, सन्क कॉस्ट. मी आयुष्यभर कॉस्टिंगचं काम केलं, कारखान्यांचे हिशेब पाहिले, त्यामुळं हा शब्द मला जेवणातल्या मिठासारखा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉमर्सला तो वाचलाही असेल: जो पैसा खर्च झाला आणि कसाही केला तरी परत येत नाही, तो पुढच्या निर्णयात धरू नये. परीक्षेत दोन मार्काला येते, सगळे बरोबर लिहितात आणि घरी जाऊन सगळे उलटं वागतात. आज मी कॉन्कॉर्ड विमानाबद्दल बोलणार असं कबूल केलंय, बोलतो, पण आधी आमच्या साळ्याचा बोर.

साळा काटोलकडं असतो, संत्र्याची बाग आहे. त्या वर्षी अंबिया बहार धरलेला, म्हणजे फळं झाडावर, वर पंचेचाळीसचं ऊन आणि विहिरीनं तळ दाखवलेला. अंबिया बहाराले उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तर आधी फळगळ होते, मग झाडाचाच जीव जातो. मृग बहारवाले त्या वेळी झाडाले ताण देऊन पाऊस पडायची वाट पाहात असतात, अंबियावाल्याले ती सोय नाही. तर यानं पाणाड्या आणला, पाणाड्या नारळ तळहातावर घेऊन फिरला, नारळ उभा झाला, जागा ठरली. पाणाड्यावर मी काही बोलत नाही, या खोलीत त्याचे भक्त असतील आणि मला चहा प्यायचाय.

गाडी रात्री आली. बोरची गाडी रात्रीच काऊन येते हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. वरच्या माती-मुरमात चाळीस फूट केसिंग टाकलं, मग हातोडा सुरू. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, खाली हातोडा दगड फोडते आणि कंप्रेसरची हवा तो चुरा वर फेकते, आणि एक एक रॉड जोडत खाली जायचं, रॉड वीस फुटाचा. काय लागून राहिलं ते चुऱ्यावरून कळते. आपल्याकडं काटोलच्या पट्ट्यात खाली बेसाल्ट, लाव्ह्याचे थरावर थर. पाणी असलं तर वरच्या कुजक्या खडकात, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात, जिथं लाल माती येते किंवा छिद्राछिद्राचा दगड येते, नाहीतर भेगेत. मधला एकसंध काळा पाषाण म्हणजे कोरडा ठणठणीत, त्यातून राखाडी पावडर उडते, बास. यांच्याकडं पहिल्या शंभर-दीडशे फुटात थोडा ओलावा दिसला, 280 च्या खाली पावडर सुरू झाली आणि ती थांबलीच नाही. रंग बदलला नाही, चुरा ओला झाला नाही, गाडीवाल्याचा पोरगा केसापासून पायापर्यंत पांढरा.

आता हिशेब पाहा, आकडे मी सोपे करून सांगतो, भाव दरवर्षी बदलतात. तीनशे फुटापर्यंत शंभर रुपये फूट, म्हणजे तीस हजार. पुढच्या शंभर फुटाले एकशे वीसचा भाव, त्याच्या पुढच्याले एकशे चाळीस. जितकं खोल तितका फुटाचा भाव चढतो, हे लक्षात ठेवा, हा धंदाच असा बांधलाय. पाचशे फुटावर झाले छप्पन हजार, केसिंगचे चौदा, एकूण सत्तर हजार. पाणी शून्य. गाडीवाला विचारते, "दादा, अजून टाकू का?" पुढच्या शंभर फुटाचा भाव एकशे साठ, म्हणजे सोळा हजार.

साळा माझ्याकडं पाहून म्हणते, "भाऊजी, सत्तर हजार घातले, आता कसं सोडू?"

मी म्हटलं, "सत्तर हजार विसर. समज तुले हे पाचशे फुटाचं कोरडं भोक कोणी फुकट दिलं. त्याच्यात सोळा हजार टाकशील का?"

"फुकट कोण देते बाप्पा!"

चर्चा तिथंच संपली. पण मी तुम्हाले ती पुढं नेऊन दाखवतो, कारण तिथं गंमत आहे. लोकांले वाटते सन्क कॉस्टचा नियम म्हणजे 'थांबा' असा नियम. तसं नाही. समजा पाणी लागलं तर त्या हंगामात त्याची दोन लाखांची बाग वाचते. सोळा हजार भागिले दोन लाख, म्हणजे आठ टक्के. पुढच्या शंभर फुटात पाणी लागायची शक्यता आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर खोदणं वेडेपणाचं नाही! आधी सत्तर हजार गेले असोत, सात हजार गेले असोत की सात लाख, हा आठचा आकडा हलत नाही. नियम एवढाच आहे.

पण त्यात एक खोट आहे. सोळा हजाराले दुसरं काही काम नाही असं आपण धरलं. त्याच पैशात टँकर आणून बागेचा एक तुकडा पाऊस पडेस्तोवर जगवता आला असता, समजा चाळीस हजारांची झाडं-फळं नक्की वाचली असती. मग बोरनं निदान तेवढं तर द्यायले पाहिजे. चाळीस हजार भागिले दोन लाख, वीस टक्के. आता आठ पुरत नाही, वीस पाहिजे. गेलेल्या पैशाकडं पाहात बसलेल्या माणसाले हा टँकर दिसतच नाही, माझी खरी तक्रार ती आहे.

आणि शक्यता किती आहे हे कोण सांगणार? तोच बोर सांगते की! सत्तर हजारांतून एक गोष्ट मिळाली होती, दोनशे फुटांहून जास्त सलग कोरडा पाषाण, ही माहिती. पैसा गेला तरी माहिती हातात असते आणि ती पुढच्या निर्णयात धरायची असते. शिवाय शेजारच्या दोघांच्या बोरले पाणी दोनशेच्या आसपास लागलं होतं आणि तिसऱ्यानं साडेसहाशेपर्यंत जाऊन हात टेकले होते, हे सगळ्या गावाले माहीत. म्हणजे साळ्यानं उलटं केलं, पैसा धरला आणि माहिती सोडली.

पुढं काय झालं ते ऐका, नाहीतर रात्री झोप लागणार नाही तुम्हाले. सहाशे झाले, कोरडे. सातशेपर्यंत गेला, आणखी अठरा हजार. 640 ले चुरा ओला झाला आणि अर्धा इंच पाणी आलं. गाडीवर लोक नाचले. मग एवढ्या खोलातून पाणी उपसायले मोटर मोठी लागते, पाइप तेवढा लागते, "बोर मारला तर मोटर घ्यावीच लागते ना भाऊजी", घेतली. मोटर थोडा वेळ चालते, मग बोर रिकामा, मग बंद करून पाणी साचायची वाट पाहा. अजूनही आमच्याकडं जेवायले आला की म्हणते, "पण पाणी लागलंच ना?" लागलं. पाचशेवर उभं राहून घेतलेला निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न वेगळा, आणि तो सावजीच्या रश्श्यासमोर सुटत नाही.

हो हो, दिसली चिठ्ठी. दहा मिनिटं. बोरनंच वेळ खाल्ला, तोही कोरड्या बोरनं.

बरं, लवकर सांगतो. असं फक्त साळेच वागतात असं नाही. 1985 मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी एक मस्त प्रयोग छापला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाच्या खिडकीवर पूर्ण हंगामाचं तिकीट घ्यायले आलेल्या लोकांपैकी काहींले पूर्ण पंधरा डॉलरले दिलं, काहींले दोन डॉलर सूट, काहींले सात डॉलर सूट, कोणाले काय मिळेल ते चिठ्ठीसारखं. सगळे पंधरा द्यायच्या तयारीनंच आलेले, म्हणजे नाटकाची आवड सारखीच. तरी पहिल्या पाच नाटकांत पूर्ण पैसे दिलेले लोक सरासरी चारच्या वर नाटकांना गेले, सूटवाले साडेतीनच्याही खाली. पुढच्या अर्ध्या हंगामात हा फरक तसा उरला नाही, पैशाची टोचणी काही महिन्यांनी बोथट होते असं दिसते. साळ्याची झाली नाही.

दुसरा स्टॉ यांचा, 1976 चा, आणि ऑफिसात बसणाऱ्यांनी हा लक्षात ठेवा. मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांले एका कंपनीचे दोन विभाग दिले, संशोधनाचा पैसा कोणत्या विभागाले द्यायचा ते ठरवा. नंतर सांगितलं, तुम्ही निवडलेला विभाग घसरला, आता आणखी दोन कोटी डॉलर वाटा. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता त्यांनी त्याच बुडत्या विभागाले सगळ्यात जास्त दिले, दोन कोटीतले सुमारे एक कोटी तीस लाख. पहिला निर्णय दुसऱ्या कोणाचा होता तेव्हा लोकांनी कमी दिले. म्हणजे फक्त पैसा नाही, आपला शब्द खरा करायचा असते. म्हणून मी कारखान्यात सांगायचो, चालू ठेवायचं की बंद करायचं हे ज्यानं सुरू केलं त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका, आणि थांबायची खूण सुरू करायच्या आधीच कागदावर लिहा. बोरच्या बाबतीत: गाडी बोलवायच्या आधी लिहायचं, तीनशेच्या खाली सलग शंभर फूट कोरडी पावडर आली की बंद. रात्री दोन वाजता, गाडीवाला तोंडाकडं पाहून राहिला असताना ही खूण ठरवता येत नाही.

आणि कॉन्कॉर्ड, दोन मिनिटांत. आवाजापेक्षा वेगानं उडणारं हे प्रवासी विमान मिळून बनवायचा ब्रिटन आणि फ्रान्सनं 1962 मध्ये करार केला, प्रवासी सेवा सुरू व्हायले 1976 उजाडलं, खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि शेवटी विमान नियमित चालवलं ते त्याच दोन देशांच्या कंपन्यांनी. प्राणीशास्त्रवाल्यांनी या चुकीले कॉन्कॉर्डचंच नाव दिलं. पण एक बारकावा लोक सोडून देतात. 1964 मध्ये नव्या ब्रिटिश सरकारले यातून बाहेर पडायचं होतं, पण करारात बाहेर पडायचं कलमच नव्हतं आणि एकट्यानं अंग काढलं तर फ्रान्सले मोठी भरपाई द्यावी लागेल अशी भीती होती. ती भरपाई सन्क कॉस्ट नाही! ती पुढं द्यायची आहे, थांबलो तर लागते, चालू ठेवलं तर लागत नाही, म्हणून ती हिशेबात धरलीच पाहिजे. तोवर उडालेले पौंड धरायचे नाहीत, पण दंड धरायचा. तुमच्या फ्लॅटच्या बुकिंगलाही हेच लागू होते: भरलेले हप्ते गेले म्हणून सोडा, पण बुकिंग रद्द केलं तर काय कापून घेतील आणि काय परत देतील तो आकडा करारनाम्यातून काढा. जे परत मिळते तेवढं बुडालेलं नाहीच.

अजून शिक्षणाचं बोलणार होतो, तिसऱ्या वर्षाले इंजिनिअरिंग सोडावं का ते, पण अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न असतील तर चहापाशी विचारा, बोरचा भाव मात्र मला विचारू नका.