गढूळपणाचा आकडा

[दृश्य: शेकरवर गोल फिरणारा काचेचा फ्लास्क. आत फिकट पिवळे द्रावण.]

सकाळी साडेनऊ वाजता या फ्लास्कमधले एलबी ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे पोषक द्रावण, जवळजवळ नितळ होते आणि त्यातून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता येत होत्या. पन्नास मिलिलिटर ब्रॉथमध्ये रात्रभर वाढलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या कल्चरचे अर्धे मिलिलिटर टाकून तो फ्लास्क ३७ अंश सेल्सियसवर फिरत ठेवला होता. आता साडेदहा वाजले आहेत, आणि तारखा अजून दिसत असल्या तरी त्यांच्यावर बारीक धूसरपणा आला आहे. हा गढूळपणा डोळ्यांना कळतो, पण किती आणि मघापेक्षा कितीपट, हे डोळे सांगू शकत नाहीत. त्यासाठी टेबलाच्या कडेला स्पेक्ट्रोफोटोमीटर ठेवलेला आहे.

[दृश्य: क्युव्हेट टिश्यू पेपरने पुसून खाचेत बसवली जाते.]

एक सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनी क्युव्हेटमध्ये एक मिलिलिटर कल्चर घेतले जाते. तिच्या दोन बाजू खरखरीत आणि दोन पारदर्शक असतात. बोटांनी धरायची ती खरखरीत बाजू, आणि प्रकाशाच्या वाटेत यायची ती पारदर्शक. त्याआधी जिवाणू न टाकलेले तेच ब्रॉथ ठेवून यंत्र शून्यावर आणलेले असते. या ब्लँकसाठी पाणी वापरले, तर ब्रॉथचा स्वतःचा रंगही जिवाणूंच्या नावावर जमा होतो. तरंगलांबी ६०० नॅनोमीटर निवडतात, कारण पिवळसर ब्रॉथ निळा प्रकाश शोषून घेते, पण या नारिंगी प्रकाशाला फारसे अडवत नाही.

पडद्यावर ०.१०० असा आकडा येतो. त्याला आपण ऑप्टिकल डेन्सिटी किंवा नुसते ओडी म्हणतो. ओडी ०.३ असेल तर निम्मा प्रकाश पलीकडे पोहोचतो, १ असेल तर दहावा हिस्सा आणि २ असेल तर शंभरावा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. रंगीत द्रावणात प्रकाश शोषला जातो, तसे इथे होत नाही. ई. कोलायची पेशी ६०० नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही; ती तो आडवातिडवा विखुरते, आणि विखुरलेला प्रकाश समोरच्या डिटेक्टरपर्यंत न पोहोचल्यामुळे यंत्र त्याची नोंद ‘हरवलेला’ अशी करते. यंत्राने जिवाणू मोजलेले नसतात, त्याने फक्त पलीकडे न आलेला प्रकाश मोजलेला असतो.

तरीही प्रयोगशाळेत एक ढोबळ हिशोब सर्रास चालतो: ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे मिलिलिटरला सुमारे ८० कोटी पेशी. त्या हिशोबाने या फ्लास्कमध्ये आत्ता मिलिलिटरला ८ कोटी पेशी असायला हव्यात. हा हिशोब कुठवर टिकतो ते आज पाहायचे आहे.

[दृश्य: कल्चर दोन लहान फ्लास्कमध्ये सारखे वाटले जाते. एकावर ‘साधा’, दुसऱ्यावर ‘सेफालेक्सिन’ अशी चिठ्ठी.]

कल्चरचे दोन सारखे भाग केले आहेत. एक भाग तसाच ठेवला, आणि दुसऱ्यात सेफालेक्सिन टाकले. हे तेच प्रतिजैविक, ज्याच्या कॅप्सूल त्वचेच्या संसर्गासाठी डॉक्टर लिहून देतात. दोन्ही फ्लास्क पुन्हा शेकरवर गेले. चाळीस मिनिटांनी, म्हणजे अकरा वाजून दहा मिनिटांनी, दोन्हींचे ओडी घेतले. साधा फ्लास्क ०.४०, सेफालेक्सिनचा फ्लास्क ०.३९.

फक्त हे दोन आकडे वहीत असतील, तर कोणीही म्हणेल की प्रतिजैविकाचा काहीच परिणाम झाला नाही आणि दोन्हीकडे जिवाणूंची संख्या वीस मिनिटांना एकदा या वेगाने दोन वेळा दुप्पट झाली. तसा निष्कर्ष काढण्याआधी दोन्ही फ्लास्कमधला थोडा नमुना एक लाख पटीने पातळ करून, त्यातला ०.१ मिलिलिटर आगर प्लेटवर पसरवला आहे. साडेदहा वाजताच्या नमुन्याचीही अशीच प्लेट केलेली आहे. प्लेटवर जिथे एक जिवंत पेशी पडेल, तिथे उद्या सकाळी एक कॉलनी दिसेल. तोपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. ओडीची पद्धत एवढी लोकप्रिय का झाली याचे उत्तर या रात्रभराच्या खोळंब्यात आहे.

मधल्या वेळेत साध्या फ्लास्कचे वाचन चालू ठेवू. अकरा चाळीसला यंत्र ०.८ दाखवते आणि बारा वाजता १.२. वीस मिनिटांत दीडपट, म्हणजे दुप्पट व्हायला साधारण ३४ मिनिटे. वाढ चांगलीच मंदावली असे दिसते. आता त्याच दोन नमुन्यांपैकी प्रत्येकाचा एक भाग नऊ भाग ताज्या ब्रॉथमध्ये मिसळून पुन्हा वाचला, तर ०.०९ आणि ०.१६ मिळतात. दहाने गुणल्यावर ०.९ आणि १.६. या हिशोबाने दुप्पट व्हायला २४ मिनिटे लागत आहेत.

[दृश्य: पावसाळ्यातला घाट. धुक्यातून येणाऱ्या गाडीचे दिवे.]

पावसाळ्यात घाटातून गाडी चालवलेल्यांना याचे कारण परके वाटणार नाही. विरळ धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा नुसता मंद होतो. दाट धुक्यात मात्र दिव्याचा ठिपका हरवतो आणि पांढरा उजेड सगळीकडून येऊ लागतो, कारण एका थेंबाने बाजूला फेकलेला प्रकाश दुसरा थेंब पुन्हा आपल्या दिशेला वळवतो. दाट कल्चरमध्ये हेच होते. वाट चुकलेला प्रकाश दुसऱ्या पेशीवर आपटून पुन्हा डिटेक्टरकडे येतो, यंत्राला तो न हरवलेला वाटतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी पडतो. बऱ्याच यंत्रांवर ०.४ च्या पुढे ही तूट जाणवू लागते. म्हणून त्यापुढचा नमुना त्याच ब्रॉथने पातळ करून वाचायचा आणि तितक्या पटीने गुणायचे.

वीस मिनिटांवरून चोवीस मिनिटांपर्यंत झालेली घसरण मात्र खरी आहे. एलबी ब्रॉथमध्ये जिवाणूंना वापरता येईल अशी साखर फार थोडी असते, ओडी ०.३ च्या आसपास सहज मिळणारे अन्न संपू लागते आणि ई. कोलाय अमिनो आम्लांवर गुजराण करू लागतो. म्हणजे वाढीच्या एकाच वक्रात खरी मंदी आणि यंत्राने दाखवलेली खोटी मंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि नमुना पातळ केल्याखेरीज त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पदव्युत्तर वर्गांच्या वह्यांमध्ये ओडी १ च्या पुढे वाकलेली जी सुबक रेषा दिसते, तिच्यातला किती भाग जिवाणूंचा आणि किती यंत्राचा, हा प्रश्न परीक्षकाने विचारायला हरकत नाही.

[दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. इनक्युबेटरमधून प्लेट बाहेर येतात.]

साडेदहाच्या नमुन्याच्या प्लेटवर ८१ कॉलनी आहेत. ढोबळ हिशोबाने ८० अपेक्षित होत्या. साध्या फ्लास्कच्या अकरा दहाच्या प्लेटवर ३१४ आहेत, म्हणजे जवळपास चौपट, आणि ओडीही चौपटच झाले होते. सेफालेक्सिनच्या प्लेटवर मात्र फक्त ९२ कॉलनी आहेत. ओडी चौपट झाले, पण जिवाणूंची संख्या जवळजवळ होती तिथेच राहिली.

या दोन फ्लास्कमध्ये काय फरक होता ते काल अकरा दहालाच काचपट्टीवर घेऊन ठेवलेल्या थेंबांत दिसते. शंभर पटीच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली साध्या फ्लास्कमधले जिवाणू तीन-चार मायक्रोमीटर लांबीच्या आखूड कांड्यांसारखे आहेत. शेजारच्या काचपट्टीवर कांड्या नाहीत, दोरे आहेत. काही सरळ, काही किंचित वळलेले, दहा-बारा मायक्रोमीटर आणि त्याहूनही लांब. सेफालेक्सिन पेशीची वाढ थांबवत नाही. पेशी दुभंगताना मधोमध जी नवी भिंत बांधली जाते, ती बांधणारे प्रथिन ते निकामी करते. पेशी खाते, लांबत जाते, पण तिचे दोन तुकडे होत नाहीत. असा चौपट लांब दोरा प्रकाश जवळपास चार पेशींइतका विखुरतो आणि प्लेटवर मात्र एकच कॉलनी देतो. ८१ वरून ९२ पर्यंतची किरकोळ वाढ ही औषध टाकले तेव्हा दुभंगण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर असलेल्या पेशींची मानता येते. हा दोरा फार काळ तग धरत नाही. औषध तसेच राहिले तर पुढे तो फुटतो आणि मग ओडीही घसरते, पण तोवर बराच वेळ गेलेला असतो.

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जॅक मोनो यांनी १९४९ सालीच या दोन राशी वेगळ्या ठेवल्या होत्या: ठरावीक आकारमानातील पेशींची संख्या, आणि त्याच आकारमानातील जिवाणूंचे कोरडे वजन. ओडी या दुसऱ्या राशीच्या अधिक जवळ जाते. पेशींचे आकार सारखे राहिले तर दोन्ही राशी जोडीने चालतात आणि फरक लक्षातही येत नाही. पण त्यांची फारकत व्हायला सेफालेक्सिनच हवे असे नाही. सकस ब्रॉथमध्ये वेगाने वाढणाऱ्या पेशी मोठ्या असतात, अन्न संपत आले की त्या लहान होत जातात, आणि ताज्या ब्रॉथमध्ये टाकलेले जुने जिवाणू दुभंगण्याआधी फुगतात. त्यामुळे सुरुवातीच्या लॅग काळात ओडी वर सरकते, तेव्हा संख्या अजून हललेलीही नसते. शिवाय मेलेली पेशी फुटली नाही, तर तीही जिवंत पेशीसारखाच प्रकाश विखुरते. कॅनामायसिन या प्रतिजैविकाने मारलेल्या कल्चरचे ओडी स्थिर राहते आणि प्लेट रिकामी निघते.

[दृश्य: खोलीच्या दोन टोकांना दोन यंत्रे. तीच क्युव्हेट एकातून काढून दुसऱ्यात.]

आकडा यंत्रागणिकही बदलतो. हीच क्युव्हेट या यंत्रात ०.४० आणि त्या यंत्रात ०.५१ दाखवते, आणि दोन्ही यंत्रे बिघडलेली नाहीत. ज्या यंत्रात डिटेक्टर क्युव्हेटच्या जवळ असतो, तिथे थोडासाच वळलेला प्रकाशही त्याच्यावर पडतो, म्हणून आकडा लहान येतो. लांब असेल तर तोच प्रकाश निसटतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४४ प्रयोगशाळांनी जिवाणूएवढ्या आकाराच्या सिलिकाच्या मण्यांनी आपापली यंत्रे जुळवून पाहिली. मण्यांची संख्या माहीत असल्यामुळे यंत्राच्या आकड्याला पेशींच्या अंदाजात बदलता येते. मात्र मणी लांबत नाहीत, आणि दोऱ्यासारख्या पेशींपुढे तो अंदाजही चुकतो.

[दृश्य: सेंट्रिफ्यूज थांबते. नळीच्या तळाशी फिकट गोळा.]

दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा केला तेव्हा चाळीस मिनिटांनी सेफालेक्सिनचे कल्चर सेंट्रिफ्यूज करून, वरचे औषधमिश्रित ब्रॉथ ओतून दिले आणि पेशी कोमट ताज्या ब्रॉथमध्ये सोडल्या. औषध गेल्यावर लांब दोऱ्यांत एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी भिंती उभ्या राहू लागल्या, आणि भिंगाखाली दोरे कांड्यांच्या माळेसारखे दिसून मग सुटे झाले. तेवढ्या वेळात स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ओडी जेमतेम दीडपट झाले, आणि प्लेटवरच्या कॉलनी चौपटीच्या वर गेल्या.