नऊ हजारांनी की नऊ हजारांवर?

(दृश्य: ढगाळ दुपार. मुठेच्या पात्रात रांगेनं लावलेली वाहनं.)

निवेदन: समजा, पावसाळ्यातला सोमवार आहे, दुपारचे चार वाजलेत. न्यूज डेस्कवर जलसंपदा विभागाची सूचना येते: खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला ४,००० क्युसेक विसर्ग वाढवून सायंकाळी ६ वाजता ९,००० क्युसेक करण्यात येत आहे. पावसानुसार त्यात बदल होऊ शकतो. पात्रातली वाहनं आणि साहित्य हलवावं.

उपसंपादकाला यातून वेबसाइटसाठी एक मथळा काढायचाय. घाईत पहिला सुचतो तो असा.

(पडद्यावर: पुण्यावर पुराचं संकट! खडकवासल्याबाबत मोठा निर्णय, पुढचे काही तास महत्त्वाचे)

सूचनेत 'पूर' हा शब्दच नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्या शहरात हा शब्द उगाच वापरू नये. 'मोठा निर्णय' म्हणजे कोणता, ते सांगितलेलं नाही. आणि 'पुढचे काही तास' लिहून सहा वाजताची नेमकी वेळ झाकली आहे. ज्याची गाडी पात्रात उभी आहे, त्याला तीच वेळ हवी होती. क्लिकबेट ओळखायची खूण इथे सापडते: बातमीतली जी गोष्ट एका शब्दात सांगता आली असती, ती मुद्दाम काढून तिथे 'मोठा', 'हे', 'असं काही' भरलेलं असतं.

मग उपसंपादक मथळा दुरुस्त करतो.

(पडद्यावर: खडकवासल्यातून विसर्ग ९ हजार क्युसेकने वाढवला)

आता भपका गेला, पण चूक आली. दोन चुका आहेत. 'ने वाढवला' म्हणजे आधीच्या चार हजारांत नऊ हजारांची भर, एकूण तेरा हजार. सूचना सांगते, एकूण नऊ हजार. 'ने' आणि 'वर' या एका प्रत्ययाच्या फरकात चार हजार क्युसेकचा घोळ होतो, आणि भराभर वाचताना तो कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी चूक काळाची. दुपारी चारला काहीच 'वाढवला' गेलेला नाही. सहाला वाढणार आहे.

एककाचंही तसंच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. तो वेग आहे, साठा नव्हे. त्यामुळे 'धरणातून नऊ हजार क्युसेक पाणी सोडलं' असं लिहिलं, की वाचक त्याला पाण्याचं एकूण माप समजतो. 'विसर्ग' हा शब्द ठेवला की ही अडचण राहत नाही.

(पडद्यावर: खडकवासल्यातून विसर्ग सोमवारी सायंकाळी ६ पासून ९ हजार क्युसेकवर)

नऊ शब्द. धरण, घटना, वार, वेळ, आकडा, सगळं आलं. 'आज' मुद्दाम टाळलंय. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकबरोबर मथळाही जातो, आणि मंगळवारी सकाळी तो वाचणाऱ्याला 'आज' म्हणजे मंगळवार वाटतो.

इथे एक तांत्रिक अडचण येते. पुष्कळ न्यूजरूममध्ये मथळ्याच्या चौकटीखाली साठ अक्षरांचा मोजणीकाटा असतो. हा मथळा टाकला की तो लाल होतो: ६२. डोळ्यांनी मोजलं तर अक्षरं आणि मोकळ्या जागा मिळून चाळीसच भरतात. कारण संगणक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सुटे मोजतो. 'खडकवासल्यातून' आपल्याला आठ अक्षरं, संगणकाला तेरा. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा मराठीला जशीच्या तशी लावली, की काट्यासाठी आधी 'सोमवारी' किंवा '६ पासून' कापलं जातं. म्हणून काट्यावर विसंबू नये. गूगलही शोधनिकालात शीर्षक उपकरणाच्या रुंदीनुसार कापतं. प्रसिद्ध करण्याआधी मथळा साध्या मोबाइलवर उघडून पाहावा. दोन ओळींत मावला, आणि शेवट कापला गेला तरी पहिल्या तीन-चार शब्दांत ठिकाण अन् घटना कळली, तर लांबी योग्य आहे.

(दृश्य: नदीकाठचा रस्ता, संध्याकाळ.)

भिडे पुलाचं नाव मथळ्यात घेतलं तर वाचक नक्की वाढतील. विसर्ग वाढला की तो पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना माहीत आहे. पण सूचनेत पुलाचा उल्लेख नाही. बातमीदारानं पाणी प्रत्यक्ष पाहिल्यावर किंवा पूल बंद केल्याचं पोलिसांनी सांगितल्यावरच तो मथळ्यात घ्यावा. तोवर 'वाहने हलवण्याची सूचना' ही ओळ उपशीर्षकात पुरेशी आहे.

रात्री आठला विसर्ग बारा हजारांवर गेला, तर त्याच पानाचा मथळा बदलायचा आणि खाली अद्ययावत केल्याची वेळ टाकायची. पण मघाचं 'ने वाढवला' प्रसिद्ध होऊन गेलं असेल, तर ते गुपचूप बदलून चालत नाही. पहिल्या परिच्छेदाखाली स्पष्ट लिहायचं: 'आधीच्या मथळ्यात विसर्ग ९ हजार क्युसेकने वाढवल्याचे म्हटले होते, एकूण विसर्ग ९ हजार क्युसेक आहे.'