एकाहत्तरातून अडतीस गेले

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांसमोर एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी आज एकच कागद घेऊन आलो आहे. तिसरीच्या वजाबाकीची कार्यपत्रिका, आठ प्रश्नांची. ती मीच बनवली होती, त्यामुळे तिची उणीदुणी काढायला कोणाची परवानगी लागणार नाही. त्या वेळी माझी शाळा दोन शिक्षकांची. एक वर्ग शिकवायचा आणि दुसऱ्याला कागद द्यायचा, हे तुम्हाला नवीन नाही. तपासायचं काम चौथीच्या दोन पोरी करायच्या, हातात उत्तरसूची धरून. हे लक्षात असू द्या, कारण पुढची सगळी गंमत तिथेच झाली.

आधी सूचना. मी लिहिलं होतं, ‘खालील उदाहरणे सोडवा व सर्वांत मोठ्या उत्तराभोवती गोल करा.’ आपल्याला हे वाक्य साधं वाटतं. पण त्यात दोन कामं आहेत, आणि दुसरं काम पहिलं संपल्याशिवाय करताच येत नाही. पोरांनी काय केलं? काहींनी पेन्सिल हातात येताच कागदावरची सर्वांत मोठी संख्या शोधली, ३०२, आणि तिला गोल केला. कागदावर सगळ्यात मोठी दिसते ती तीच की. मग उदाहरणं सोडवली, काहींनी नाही सोडवली. आता योगायोग असा, की सर्वांत मोठं उत्तरही त्याच उदाहरणाचं होतं. गोल त्याच चौकटीत पडला आणि तपासणाऱ्या पोरींनी बरोबरची खूण केली. सूचना समजली नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण चुकीच्या वाटेने गेलेलं पोरगंही बरोबर गावाला पोचत होतं.

दुसऱ्या वर्षी मी सूचनेचे दोन भाग केले. उदाहरणांच्या वर फक्त ‘वजाबाकी करा’ आणि सगळी उदाहरणं संपल्यावर खाली, वेगळ्या ओळीत, ‘आता तुमची उत्तरं पाहा. सर्वांत मोठ्या उत्तराला गोल करा.’ जे काम शेवटी करायचं त्याची सूचना शेवटीच. आणि सूचना समजली का हे तपासायची एक रीत धरली. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो, त्याला काही अर्थ नाही. एका पोराला सूचना वाचायला लावायची, पेन्सिल खाली ठेवायला सांगायची आणि विचारायचं, ‘आता पहिल्यांदा काय करशील?’ तो बोटाने दाखवतो. बोट जिथे जातं तिथे सूचना पोचली.

शाब्दिक उदाहरणातली सूचना तर मला माझ्या पोरांनीच शिकवली. मी लिहिलं होतं, ‘आईने सोमवारी ६२ किलो कापूस वेचला. मंगळवारी त्यापेक्षा १८ किलो कमी वेचला. किती कापूस वेचला?’ माझ्या डोक्यात ४४. एका पोरीने लिहिलं १०६. मी म्हटलं, हे काय गं? ती म्हणाली, “सर, मजुरी तं दोन्ही दिवसाची मिळून भेटते नं, मंग म्या दोन्ही दिवसाचा जोडला.” तिने आधी ६२ मधून १८ वजा केले, ४४ काढले आणि मग ६२ मिळवले. माझ्यापेक्षा एक पायरी जास्तच केली. तिच्या घरी कापूस किलोवर वेचतात, हिशेब एकदम होतो. प्रश्नात ‘मंगळवारी’ हा शब्द पुन्हा लिहायला मी कंटाळलो होतो, आणि उत्तरसूचीने तिच्या उत्तरावर फुली मारली. ‘मंगळवारी आईने किती किलो कापूस वेचला?’ एवढंच लिहायचं होतं.

आता चढण. माझ्या पत्रिकेत उदाहरणांचा क्रम असा होता: ४८ − २३, ६७ − ४५, ४२ − १७, मग एकदम ३०२ − १४७, मग ७१ − ३६, ८० − ३४. चौथ्या उदाहरणावर निम्मा वर्ग अडला आणि पुढचं ज्यांना येत होतं त्यांनीही सोडून दिलं. चौथं इतकं का अडतं? ४२ − १७ मध्ये एक दशक सुटा केला की काम भागतं. ३०२ मध्ये सुटा करायला दशकच नाही. आधी एका शतकाचे दहा दशक करायचे, मग त्या दहांतला एक दशक सुटा करून एककात द्यायचा. म्हणजे २ शतक, ९ दशक, १२ एकक. तेव्हा कुठे १५५ येतात. दोन अंकी वजाबाकीत पहिल्यांदाच दशक सुटा करणाऱ्या पोराला हे म्हणजे एका उडीत तीन पायऱ्या. ३०२ तिथून काढून मी वेगळ्या पत्रिकेत नेलं, ३४५ − १२७ सारख्या दोन-तीन उदाहरणांनंतर.

पण खरा घोळ सोप्या दिसणाऱ्या उदाहरणांत होता, आणि तो मला फार उशिरा दिसला. दशक सुटा करायच्या वजाबाकीत पोरं मुख्यतः दोन चुका करतात. एक, खालचा अंक मोठा असला की उलटं वजा करतात: दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन. दुसरी, दशक सुटा तर करतात, पण दशकाच्या घरात एक कमी करायला विसरतात. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतात, कारण त्याला दशक सुटा करणं कळलेलंच नाही. दुसऱ्याला कळलंय, त्याला फक्त मांडणीत खोडून नवा अंक लिहायची सवय हवी.

आता ४२ − १७ घ्या. बरोबर उत्तर २५. उलटं वजा करणारा लिहील, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, म्हणजे ३५. एक कमी करायला विसरणारा लिहील, बारातून सात गेले पाच, चारातून एक गेला तीन, म्हणजे ३५! दोन वेगळी दुखणी, उत्तर एकच. ३५ पाहून तुम्ही कोणत्या पोराला काड्या देणार? एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की असंच होतं, नेहमी. आणि माझं ७१ − ३६ सुद्धा त्याच जातीचं. म्हणून ४२ चे ४३ केले. ४३ − १७, बरोबर २६. उलटं करणारा लिहितो ३४, विसरणारा लिहितो ३६. उत्तर पाहिलं की पोराचा हात कुठे वळला ते दिसतं. तसंच ७१ − ३६ चं मी ७१ − ३८ केलं. बरोबर ३३, उलटं केलं तर ४७, विसरलं तर ४३.

शेवटाकडे मुद्दाम एक बिनहातच्याचं टाकलं, ७६ − ५२. सलग चार उदाहरणांत दशक सुटा केला की काही पोरं न बघता करत सुटतात. मग सोळातून दोन गेले चौदा, सहातून पाच गेले एक, आणि उत्तर ११४. ज्याच्याकडे ७६ च होते त्याच्याकडे ११४ उरले! चढण म्हणजे प्रत्येक उदाहरण आधीच्यापेक्षा कठीण असं नाही. मध्येच एक सपाट जागा आली की पोरगं बघून चालतंय की सवयीने, ते कळतं.

आणि आता उत्तरसूची. मी इतकं मन लावून ३६ चे ३८ केले, पत्रिका पुन्हा झेरॉक्सला दिली, आणि उत्तरसूची? ती जुनीच. तिच्यात त्या उदाहरणासमोर ३५. चौथीच्या पोरींनी तिसरीच्या सगळ्या ३३ वर फुल्या मारल्या. मला कळलं ते एका पोरामुळे. बाकी सगळं बरोबर असलेला पोरगा, त्याच्या कागदावर ३३ खोडलेले आणि बाजूला ३५. मी विचारलं, हे कसं आलं? तो खाली बघत राहिला. कसं आलं असेल! पोरींच्या हातातल्या कागदावर ३५ होते, म्हणून आले. त्या दिवशी फळ्याजवळ उभं राहून ‘चूक माझी आहे’ असं सांगितलं आणि सगळ्यांचे ३३ परत लिहायला लावले.

यातून मी दोन खुणा धरल्या. ज्यांचं बाकी सगळं बरोबर आहे अशी तीन-चार पोरं एकाच प्रश्नात चुकली, आणि सगळ्यांचं उत्तर एकसारखं आहे, तर आधी उत्तरसूची उचलून बघायची. पोरांच्या खऱ्या चुका अशा एकसारख्या क्वचितच येतात. कोणी ४७ लिहितं, कोणी ४३. आणि उत्तरसूची प्रश्न बनवताना कधी लिहायची नाही. पत्रिका छापून आली की तो छापील कागद घ्यायचा, जुनी सूची उलटी ठेवायची आणि पेन्सिलने पोरांसारखं सोडवायचं. मग प्रत्येक उत्तरात खालची संख्या मिळवून वरची येते का ते बघायचं. ३५ आणि ३८ मिळून ७३ होतात, ७१ नाही. ही चूक अशी अर्ध्या मिनिटात सापडली असती. मात्र कापसाच्या प्रश्नाला हा ताळा उपयोगाचा नाही. तिथे ४४ आणि १८ मिळून ६२ येतातच, तरी प्रश्न वाईटच. तो दुसऱ्या माणसाने सोडवल्याशिवाय कळत नाही.

सूचीत कधी कधी एकापेक्षा जास्त उत्तरंही लिहावी लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा किती वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. मला स्वतःला बत्तीसच आवडतं. पण ‘३२ अक्षरी लिहा’ असा प्रश्न असेल आणि तपासणारी चौथीची पोरगी असेल, तर सूचीत ‘बत्तीस किंवा तीस दोन’ असं लिहून ठेवा. नाही तर ती तिच्या समजुतीने फुली मारेल आणि तुम्ही दुसऱ्या वर्गात असाल.

आता एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की दर पत्रिकेला एवढा वेळ कुठून आणायचा. बाई, आठ प्रश्न सोडवायला मला दहा मिनिटं लागतात. तेही नसतील तर एवढंच करा: झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा घेतला की तिथेच उभं राहून वरची नाही, मधली एक प्रत काढा आणि सोडवा. मधलीच का, तर शाई कमी झाली की १ आणि ९ मधला फरक सगळ्यात आधी जातो. आमच्याकडे एकदा ‘९१ − ४८’ चं अर्ध्या वर्गाला ‘११ − ४८’ दिसलं होतं, आणि त्यातल्या दोघांनी उत्तरही काढलं होतं, ३७. कसं काढलं ते तुम्हीच करून बघा.