शनिवार दुपार ते रविवार दुपार : नवेगावबांधचा दोन दिवसांचा मुक्काम

(गोंदिया जिल्ह्यातील तलावकाठच्या गावांत पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, आपल्याकडे नागपूरहून आणि आता मुंबईहूनही जी नोकरदार माणसे येतात, त्यांच्या हाती शनिवार आणि रविवार असे दोन दिवस असतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते दोन दिवस नसतात. शनिवारची सकाळ निघण्यात आणि रस्त्यात जाते, तर रविवारची दुपार परतीत. आपल्या हाती उरतात ते शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंतचे २४ तास, म्हणजे एक संध्याकाळ, एक रात्र आणि एक सकाळ. हा हिशोब मनात पक्का नसेल तर आपण पाहुण्याला चुकीचा कार्यक्रम आखून देतो. आज मी नवेगावबांधचेच उदाहरण घेऊन बोलणार आहे.

नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा या मार्गाने नवेगावबांधला पोहोचायला चहापाण्यासह साधारण तीन तास लागतात. येण्या-जाण्याचे सहा तास झाले. आता नेहमी घडते ते असे की, पाहुणा फोनवर विचारतो, "आणखी काय काय पाहण्यासारखे आहे?" आणि आपण उत्साहाने नागझिऱ्याची सफारी, इटियाडोह धरण, प्रतापगड आणि गोठणगावची तिबेटी वसाहत अशी सगळी नावे सांगून टाकतो. यातले एकही ठिकाण कमी मोलाचे नाही. १९७२ साली वसलेली तिबेटी वसाहत पाहायला तर मी स्वतः कोणालाही आनंदाने घेऊन जाईन. पण नागझिऱ्याच्या फाटकापर्यंत जाणे-येणे आणि सफारीचे तास धरले, तर २४ तासांतला अर्धा दिवस तिथेच संपतो. उरलेली ठिकाणे जोडली की पाहुणा तलावाकाठी फक्त झोपायला येतो. माझे एक साधे माप आहे : संपूर्ण सहलीतले गाडीत बसण्याचे तास झोपेच्या तासांपेक्षा जास्त होऊ देऊ नयेत. नागपूरच्या माणसाचे सहा तास प्रवासातच जात असल्यामुळे, इथे पोहोचल्यावर त्याची गाडी शक्यतो हलूच नये. ज्याला वाघच पाहायचा आहे, त्याला नागझिऱ्याजवळच्या मुक्कामाचा पत्ता द्यावा आणि तलावाचा आग्रह सोडावा. अशा माणसाला सफारीचे आरक्षण आधीच करावे लागते आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, हेही त्याला सांगावे.

एकाच तलावाभोवती २४ तास कसे भरतील, ही शंका आपल्यापैकी काहींना वाटते, कारण आपण तो रोज पाहतो. म्हणून डिसेंबरमधला एक शनिवार तासातासाने पाहू. पाहुण्यांनी नागपूर नऊ-साडेनऊला सोडावे. भल्या पहाटे निघायला लावू नये, कारण आठवडाभर राबलेल्या माणसाला ती एक सकाळ झोपेसाठी हवी असते. साडेबाराला ते येतील, जेवतील आणि तासभर आडवे होतील. साडेतीनला मात्र त्यांना घराबाहेर काढलेच पाहिजे. गोंदिया जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला असल्याने इथे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचलाच मावळतीला टेकतो. मुंबईचा पाहुणा सहाच्या हिशोबाने चहा घेत बसतो आणि त्याची एकमेव संध्याकाळ हातची जाते.

ही संध्याकाळ तलावाच्या पाळीवर चालण्यासाठी ठेवावी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगितले जाते. सातबहिणी डोंगरांमधल्या खोलगट भागात पाणी अडवून एवढा विस्तार उभा करण्यासाठी त्या लोकांना उताराची किती नेमकी समज असली पाहिजे, हे पाळीवरून चालतानाच कळते. पाणी सोडण्याचे तुडूम कुठे आहे, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग कुठे ठेवली आहे, पाटाचे पाणी कोणत्या धानाच्या बांध्यांकडे वळते, हे गावातल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने दाखवावे. त्याच्या वेळेचा मोबदला आधी ठरवावा आणि तो मुक्कामाच्या दरातच धरावा. मामा तलाव हे नाव शहरात अनेकांनी ऐकलेले असते, पण माजी मालगुजारी तलाव म्हणजे नेमकी कोणती व्यवस्था होती, हे तलावाकाठी उभे राहून ऐकल्याशिवाय समजत नाही.

रात्रीबद्दल मात्र आधीच निवड करावी लागते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात, वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगाव सुरू होतात आणि ती रात्रभर चालतात. शहरातल्या माणसाने गावकऱ्यांमध्ये बसून असे नाटक पाहावे असे मला फार वाटते. पण जो पहाटेपर्यंत नाटक पाहील, तो सकाळी पक्षी पाहू शकणार नाही, आणि रविवारी अर्धवट झोपेत त्याने महामार्गावर गाडी चालवणे तर धोक्याचे आहे. म्हणून पाहुण्याला पहाट हवी की नाटक, हे फोनवरच विचारून घ्यावे. नाटक हवे असेल तर रविवारची सकाळ मोकळी ठेवावी, त्याला दहापर्यंत झोपू द्यावे आणि जेवून दोननंतर निघायला सांगावे.

पहाट निवडलेल्यांना साडेसहाला तलावाकाठी न्यावे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत स्थलांतरित बदके उतरतात. ती उथळ पाण्यात आणि काठच्या वनस्पतींजवळ जास्त दिसतात. उन्हे चढली आणि माणसांची वर्दळ वाढली की आत सरकतात. त्यामुळे पहिले दोन तास महत्त्वाचे. न्याहारीनंतर ढिवर बांधव जाळी काढत असतील तर त्यांच्या परवानगीने ते पाहता येते, आणि हंगाम असेल तर शिंगाडे घेता येतात. साडेअकराला जेवण, साडेबाराला निरोप. चारच्या आत पाहुणा नागपुरात घरी असतो आणि सोमवारची तयारी करायला त्याला संध्याकाळ मिळते. हीच संध्याकाळ हिरावली गेली तर, मुक्काम कितीही चांगला झाला असला, तरी तो माणूस पुन्हा दोन दिवसांसाठी बाहेर पडायला धजत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे.

मुंबईच्या पाहुण्याचा हिशोब रेल्वेवर चालतो. विदर्भ एक्सप्रेसने शुक्रवारी संध्याकाळी निघालेला माणूस शनिवारी दुपारच्या आत गोंदियाला उतरतो. परतीची गाडी रविवारी दुपारीच असते आणि ती त्याला सोमवारी सकाळी मुंबईत पोहोचवते. गोंदिया ते नवेगावबांध हे दीड-दोन तासांचे अंतर दोन्ही बाजूंनी धरले, तर त्याला नागपूरकरापेक्षा निदान एक-दीड तास आधी निरोप द्यावा लागतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. त्याने आधी परतीचे तिकीट पक्के करावे, मगच आपण खोली राखावी. गोंदिया स्थानकावर ठरलेली गाडी उभी नसेल तर त्याचा शनिवार तिथेच कोलमडतो, म्हणून ही जबाबदारी यजमानाने घ्यावी.

शेवटी बुधवारच्या फोनविषयी. पाहुणा यायच्या तीन दिवस आधी त्याला तलावाची खरी स्थिती सांगा. पाऊस कमी झाला असेल आणि पाणी काठापासून दूर गेले असेल, बदके अजून उतरली नसतील, तर तसे स्पष्ट सांगा आणि तारीख पुढे ढकलण्याची मोकळीक द्या. त्याच्याकडे दुर्बीण नसेल तर आपली द्या, आणि आपल्याकडेही नसल्यास दोन-तीन घरांनी मिळून एक विकत घ्या. पहाटेच्या थंडीसाठी स्वेटर आणि कानटोपी आणायला सांगा. पाण्याकाठची थंडी शहरातल्या माणसाच्या अंदाजात नसते आणि अर्ध्या तासात तो खोलीकडे परत फिरतो.